हप्त्यांच्या पत्रकाचा फोटो ते शीट: मुद्दल, व्याज, बाकी न चुकता कशी उतरवायची

माझ्या मावसभावाचं पिकअपचं कर्ज आहे, एका पतसंस्थेचं, ३ लाख रुपये, १२ टक्के घटत्या बाकीवर, ३६ हप्ते, हप्ता ९,९६४. बारा हप्ते झाल्यावर त्याला थोडी रक्कम एकदम भरायची होती म्हणून त्याने पत्रकाचा फोटो कुणाकडून तरी शीटमध्ये उतरवून घेतला, आणि त्यात बाराव्या हप्त्यानंतरची बाकी २,१७,६७९ आली. पत्रकात होती २,११,६७९. छपाईतला एक, सात वाचला गेला, एवढंच, पण सहा हजारांचा फरक, आणि बाकीची शीट इतकी नीटनेटकी होती की कुणाला शंकाच आली नाही.

अशा शीट माझ्याकडे तपासायला येत राहतात आणि चूक जवळजवळ तीच असते. लोक फोटोवरून मजकूर काढतात, चिकटवतात, वरच्या चार ओळी डोळ्यांनी ताडून बघतात आणि सोडून देतात. छत्तीस ओळी गुणिले चार रकाने म्हणजे १४४ आकडे, ते डोळ्यांनी तपासून होत नाहीत, विसाव्या ओळीला डोळा सरावतो आणि जे असायला हवं तेच दिसायला लागतं. पण हे पत्रक असं आहे की त्यातला प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्यांशी बांधलेला आहे, त्यामुळे कुठला आकडा चुकलाय हे शीटच सांगू शकते. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे, तो बदलू नका.

## १. फोटो काढायच्या आधी

पहिलं म्हणजे फोटो लागणारच आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या बँकांच्या आणि वित्त कंपन्यांच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुख्य माहितीचा तक्ता द्यावा लागतो आणि त्याला हप्त्यांचं पत्रक जोडलेलं असतं, ते बऱ्याचदा ईमेलवर पीडीएफमध्ये पडलेलं असतं. त्या पीडीएफमधले आकडे बोटाने निवडता येत असतील तर थेट कॉपी करा, वाचनाची चूक होणारच नाही. ते नसेल, कर्ज जुनं असेल, किंवा हातात फक्त शिक्का मारलेला कागद असेल तर फोटो.

कागद टेबलावर सपाट ठेवा, स्टेपल काढा. स्टेपल तसंच ठेवलं की वरचा डावा कोपरा उचलला जातो आणि नेमका हप्ता क्रमांकाचा रकाना वाकडा येतो. घडी असेल तर कागद उलटा करून घडीवरून हात फिरवा, कारण घडीच्या सावलीत एक अख्खी ओळ गायब होते आणि हे फार वेळा होतं. खिडकीशेजारी दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, आणि मोबाईलची स्वतःची सावली कागदावर पडत नाही ना ते बघा. मोबाईल कागदाला समांतर धरायचा, तिरका धरला की खालच्या ओळी वर सरकून एकमेकींत मिसळतात.

एका फोटोत एकच पान. भावाचं पत्रक दोन पानी होतं, पहिल्यावर २० हप्ते, दुसऱ्यावर १६, आणि त्याने दोन्ही पानं शेजारी ठेवून एकाच फोटोत घेतली होती. त्यात अक्षरं निम्म्या आकाराची होतात, वर दोन पानांच्या ओळी एक समजून जोडल्या जातात.

सावध: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आठाची पोकळी भरून जाते. दुसऱ्याकडून मागवत असाल तर त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि नाव, खाते क्रमांक, मोबाईल नंबर असलेला वरचा भाग कापून टाका, आपल्याला फक्त कोष्टक हवंय.

तपासा: फोटो मोठा करून सगळ्यात खालची ओळ वाचा. तुम्हाला स्वतःला ती नीट वाचता येत नसेल तर अ‍ॅपलाही येणार नाही, पुन्हा फोटो काढा. यात दोन मिनिटं जातात, नाहीतर पुढे अर्धा तास जातो.

## २. रकाने ओळखा आणि कागदावर लिहून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात. कुठलाही मजकूर काढायच्या आधी पत्रकातले रकाने डावीकडून उजवीकडे कुठल्या क्रमाने आहेत ते लिहा. कुठे आधी मुद्दल मग व्याज असतं, कुठे उलटं. तारीख मध्ये घुसलेली असते. हप्त्याची एकूण रक्कम कधी असते कधी नसते.

सगळ्यात जास्त घोळ बाकीच्या रकान्यात होतो. काही पत्रकांत तिथे हप्ता भरायच्या आधीची बाकी छापतात, काहींत भरल्यानंतरची, आणि काहींत दोन्ही. ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्या हप्त्याच्या ओळीतली बाकी बघा. ती पूर्ण कर्जाएवढी, म्हणजे ३,००,००० असेल तर ती आधीची. त्यातून पहिल्या हप्त्याचं मुद्दल गेलेलं असेल, म्हणजे २,९३,०३६, तर ती नंतरची. आपल्याला नंतरची हवी. पत्रकात फक्त आधीची असेल तर घाबरू नका, ती तशीच उतरवा आणि मग तो एक रकाना एक घर वर सरकवा, शेवटच्या हप्त्यासमोर शून्य लिहा. पण हे सुरुवातीलाच ठरवा, कारण नंतर लक्षात आलं की सगळी शीट एका ओळीने घसरलेली असते.

पहिल्या हप्त्याच्या वर एखादी ओळ फक्त व्याजाची असते, कर्ज उचलल्यापासून पहिल्या हप्त्याच्या महिन्यापर्यंतच्या मोडक्या दिवसांचं व्याज. तिला हप्ता क्रमांक नसतो, मुद्दल शून्य असतं. ती ओळ टाकून देऊ नका, पण एक नंबरचा हप्ता म्हणूनही धरू नका, शून्य क्रमांकाच्या ओळीत वेगळी ठेवा.

## ३. मजकूर काढणे

दोन रस्ते मी वापरतो. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये Data From Picture आहे, तो कोष्टक ओळखायचा प्रयत्न करतो आणि ज्या आकड्यांबद्दल खात्री नाही ते वेगळे दाखवून विचारतो. स्वच्छ छापलेल्या, इंग्रजी आकड्यांच्या पत्रकाला हा बरा. दुसरा रस्ता गूगल ड्राइव्हचा, फोटो ड्राइव्हवर टाकायचा आणि कॉम्प्युटरवर त्यावर राइट क्लिक करून Open with मधून Google Docs निवडायचं, फोटोखाली मजकूर येतो. पत्रकात मराठी आकडे असतील तर मी हाच वापरतो.

डॉक्समध्ये कोष्टक बहुतेक वेळा कोष्टक म्हणून येत नाही. कधी ओळ ओळ येते, कधी आधी सगळे हप्ता क्रमांक एकाखाली एक, मग सगळं मुद्दल, मग सगळं व्याज असं रकान्याने येतं. हे बघून लोक वैतागतात, पण रकान्याने आलेलं खरंतर सोयीचं असतं. प्रत्येक रकान्याचा गठ्ठा वेगळा कॉपी करा आणि आपापल्या रकान्यात चिकटवा.

चिकटवायच्या आधी शीटमध्ये एक पान `raw` नावाचं करा, त्यातले सगळे रकाने निवडून Format मधून Plain text करा, आणि मगच चिकटवा. असं न केल्यास शीट स्वतःच्या अकलेने आकड्यांचं काहीतरी करते, एखाद्या ठिकाणी 7.034 दिसतं आणि मूळ काय आलं होतं ते कायमचं जातं. या `raw` पानावर नंतर काहीही दुरुस्त करायचं नाही, ते जसं आलं तसं राहू द्या.

तपासा: प्रत्येक रकान्यात किती आकडे आले ते मोजा. पहिल्या पानावर २० हप्ते असतील तर चारही रकान्यांत बरोबर २० हवेत. मुद्दलात १९ आले म्हणजे एक आकडा गळलाय आणि त्याखालचे सगळे एक घर वर सरकलेत, पुढे जाऊ नका, आधी तो आकडा शोधून जागा मोकळी करा.

सावध: हप्ता क्रमांक आला नाही किंवा वेडावाकडा आला म्हणून १, २ लिहून खाली ओढून ३६ पर्यंत भरून टाकू नका. मला दिसलेल्या शीटमधली ही सगळ्यात वाईट सवय आहे. ओळ गळाली असेल तर ते कळायचं एकमेव सरळ साधन हप्ता क्रमांक असतं आणि ओढून भरलं की तेच पुसलं जातं.

## ४. आकडे साफ करणे

आता दुसरं पान, त्याला `clean` म्हणा. रकाने असे ठेवा: A हप्ता क्रमांक, B मुद्दल, C व्याज, D बाकी, E एकूण हप्ता. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीत A मध्ये ० आणि D मध्ये कर्जाची मूळ रक्कम हाताने लिहा. पहिला हप्ता तिसऱ्या ओळीत येईल, `raw` मध्येही तसंच ठेवा म्हणजे ओळी जुळतात. ३६ हप्ते म्हणजे शेवटची ओळ ३८ वी.

`clean` च्या B3 मध्ये हे लिहा आणि A पासून E पर्यंत सगळीकडे खाली ओढा:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(raw!B3,",","")," ",""),CHAR(160),""))
```

यात स्वल्पविराम, मोकळी जागा आणि डोळ्यांना न दिसणारी एक प्रकारची मोकळी जागा निघून जाते. मराठी आकडे असतील तर `raw` ची एक प्रत काढून तिच्यात Find and replace ने ० ते ९ च्या जागी इंग्रजी 0 ते 9 असे दहा वेळा बदलून घ्या आणि फॉर्म्युल्यात त्या प्रतीचं नाव द्या.

काही ठिकाणी `#VALUE!` येईल. शून्याच्या जागी O, एकाच्या जागी l असं काही असेल. हे चांगलंच आहे, शीट तुम्हाला बोट दाखवून सांगतेय. त्याला `IFERROR` लावून शून्य करणारे लोक आहेत, कृपया करू नका. फोटो बघा, आणि `clean` च्या त्या घरात खरा आकडा हाताने लिहून घराला पिवळा रंग द्या, म्हणजे कुठे हात लावलाय ते राहतं.

पैसे छापलेले असतील तर टिंब गळून 9,964.00 चं 996400 होऊ शकतं, तिथे एरर येत नाही. तसंच स्वल्पविरामाचा टिंब होऊन आलेल्या 7.034 किंवा 2.93,036 लाही एरर येत नाही. हे दोन्ही पुढच्या पायरीत सापडतात.

## ५. तीन तपासण्या, आणि त्या कशा वाचायच्या

लेखाचा जीव इथे आहे. तीन रकाने वाढवा आणि तिसऱ्या ओळीपासून खाली ओढा:

```
F3:  =B3+C3-E3
G3:  =D2-B3-D3
H3:  =A3-A2-1
```

F म्हणजे मुद्दल अधिक व्याज वजा हप्ता. G म्हणजे मागची बाकी वजा मुद्दल वजा आत्ताची बाकी. H म्हणजे क्रमांक सलग आहे का. तिन्हीकडे शून्य हवं. एकूण हप्ता छापलेला नसेल तर E मध्ये ठरलेला हप्ता, इथे ९,९६४, सगळीकडे लिहा. पैशांचे आकडे असतील तर कुठे कुठे अगदी शून्याजवळचा विचित्र अपूर्णांक दिसेल, F आणि G ला `ROUND(…,2)` लावा की जातो.

भावाच्या पत्रकाच्या पहिल्या ओळी नीट उतरल्यावर अशा दिसतात:

```
A   B      C      D        E      F  G  H
0                 300000
1   6964   3000   293036   9964   0  0  0
2   7034   2930   286002   9964   0  0  0
3   7104   2860   278898   9964   0  0  0
```

आता शून्य नसेल तर फोटोत सगळीकडे शोधत बसायचं नाही. कुठे काय बिघडलंय त्याचा आकार बघायचा, त्यावरून नेमकं घर कळतं.

फक्त F बिघडला, G शून्य आहे. व्याज चुकलंय. सातव्या हप्त्याचं व्याज २,५७२ आहे, ते २,५१२ वाचलं गेलं तर F मध्ये -६० येतं आणि G ला काही होत नाही, कारण G मध्ये व्याज नाहीच. (हप्त्याचा रकाना वाचून घेतला असेल तर त्याचीही चूक असू शकते, पण तिथे तोच आकडा वरखाली असल्याने लगेच दिसते.)

F आणि G दोन्ही त्याच ओळीत, सारख्याच रकमेने, एक अधिक एक उणे. मुद्दल चुकलंय. सहाव्या हप्त्याचं मुद्दल ७,३१९, त्यावर पतसंस्थेचा गोल शिक्का आला होता आणि तीनाचा आठ झाला, ७,८१९. F आला ५००, G आला -५००. पाचशे म्हणजे शेकड्याच्या जागी पाचाचा फरक, तीन आणि आठ, फोटोत नेमकं कुठे बघायचं तेही कळलं.

F शून्य, पण G दोन लागोपाठच्या ओळींत बिघडला, तीच रक्कम, उलट चिन्ह. बाकी चुकलीय, आणि त्या दोनांतल्या वरच्या ओळीची. तिसऱ्या हप्त्याची बाकी २,७८,८९८ ऐवजी २,७३,८९८ आली तर तिसऱ्या हप्त्यासमोर ५००० आणि चौथ्यासमोर -५००० दिसतं. बाकी एकदा मागची म्हणून वापरली जाते, एकदा आत्ताची म्हणून, म्हणून चूक दोनदा दिसते. ही जोडी दिसल्यावर लोक दोन आकडे दुरुस्त करायला जातात, चूक एकच असते. दोन खुणांच्या मध्ये काही ओळी शून्याच्या असतील तर तेवढ्या सगळ्या बाक्यांत तोच अंक चुकलाय.

G एकाच ओळीत बिघडला आणि H मध्ये १ आलाय. ओळ गळालीय. घडीमुळे दहावा हप्ता गेला होता तेव्हा अकराव्या हप्त्यासमोर G मध्ये ७,६१६ आलं, आणि दहाव्या हप्त्याचं मुद्दल बरोबर तेवढंच आहे. गळालेली ओळ तुम्हाला स्वतःचं मुद्दल सांगते. तरी ती हिशोबाने भरू नका, फोटोत जाऊन वाचा आणि ७,६१६ शी ताडा.

F सगळीकडे शून्य, G सगळीकडे बिघडलेला. वाचनात चूक नाही, रकान्यांत आहे. मुद्दल आणि व्याज यांची अदलाबदल झालीय, किंवा बाकी आधीची आहे आणि तुम्ही नंतरची धरलीय. दुसऱ्या पायरीवर परत जा.

हाताने टाईप केलेल्या शीटसाठी एक जुनी कारकुनी खूण अजून कामाला येते, फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झालेत असा संशय घ्यायचा. ७,४६६ चं ७,६४६ झालं तर फरक १८०, नऊने भाग जातो.

सावध: शेवटचा हप्ता वेगळा असतो. इथे सगळं व्याज पूर्ण रुपयात धरलंय, त्यामुळे छत्तिसावा हप्ता ९,९८० येतो, मुद्दल ९,८८१ आणि व्याज ९९. E मध्ये ९,९६४ हाताने भरलं असेल तर तिथे F मध्ये १६ दिसेल, ती चूक नाही. मी असे लोक बघितलेत ज्यांनी तो १६ घालवण्यासाठी चांगलं व्याज खराब केलं.

## ६. एकूण बेरीज

ओळी शून्यावर आल्या की दोन बेरजा घ्या.

```
=SUM(B3:B38)
=SUM(C3:C38)
```

मुद्दलाची बेरीज ३,००,००० च हवी आणि शेवटची बाकी ० हवी. व्याजाची या पत्रकात ५८,७२० येते, पत्रकाच्या तळाशी एकूण छापलेलं असेल तर त्याच्याशी ताडा. ओळींच्या तपासण्या आधी आणि बेरीज नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. बेरीज आधी घेतली तर काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, कुठे ते नाही, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन बेरीज बरोबर येऊ शकते.

## ७. व्याजदराने तपासायचं का?

बरेच जण D2 वर थेट `=ROUND(D2*12/1200,0)` लावून व्याज मोजतात आणि C शी ताडतात. लावा, पण वेगळ्या रकान्यात आणि फक्त अंदाजासाठी. महिना धरून व्याज लावणाऱ्या पत्रकात ते तंतोतंत जुळतं, पण बऱ्याच ठिकाणी दिवसांवर लावतात, मग ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त आणि फेब्रुवारीत कमी, काहीच जुळत नाही आणि तरी पत्रक बरोबर असतं. मधे दर बदलला असेल तर तिथून पुढे सगळंच सरकतं. आणि सपाट दराच्या कर्जात, म्हणजे मूळ रकमेवरच पूर्ण मुदतीचं व्याज लावलेलं असतं त्यात, प्रत्येक ओळीत मुद्दल आणि व्याज तेच असतं, तिथे हा फॉर्म्युला पहिल्या ओळीनंतर बिनकामाचा.

मोजलेला आकडा वाचलेल्या आकड्याच्या जागी कधीच ठेवू नका. बाकीचा रकाना फॉर्म्युल्याने भरून टाकला की G कायम शून्य येणार, छान दिसणार, आणि पत्रकात काय छापलंय ते शीटमध्ये नसणार. पत्रकातच छपाईची चूक असेल, तीही असते, तर छापलंय तसंच उतरवा, घराला लाल रंग द्या आणि शेजारी टिपण लिहा. पतसंस्थेत विचारायला जाल तेव्हा तेच हातात लागेल.

## ८. दुसरं पान जोडताना

पानं वेगवेगळी उतरवून मग एकाखाली एक लावा. जोडाच्या ठिकाणी H बघा, विसावा आणि एकविसावा हप्ता लागून यायला हवेत. काही पत्रकं पहिल्या पानाच्या तळाशी बेरजेची ओळ छापतात आणि दुसऱ्या पानाच्या वर मागील बाकी, त्या दोन्ही ओळी हप्ते नाहीत, `clean` मध्ये घेऊ नका. पण मागील बाकीचा आकडा वाचून ठेवा, तो विसाव्या हप्त्याच्या बाकीशी, इथे १,४६,६६० शी, जुळला पाहिजे.

झालं की `clean` पूर्ण निवडून कॉपी करा आणि Paste special मधून Values only असं तिसऱ्या पानावर ठेवा, पुढचा हिशोब त्यावर. फोटो आणि `raw` त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. आणि भावाला मी जे सांगितलं तेच इथेही, एकरकमी भरणा करायचा असेल तर पत्रकातली बाकी ही सगळे हप्ते वेळेवर भरलेत असं धरून छापलेली आहे. एखादा हप्ता उशिरा गेला असेल तर त्या दिवशीची खरी येणे बाकी खाते उताऱ्यातून घ्या आणि पत्रकातल्या त्या हप्त्याच्या ओळीशेजारी लिहून ठेवा.